भाडं उशिरा पोचलं, कारण ट्रान्सफर अडकली: घरमालकांना पत्र कसं लिहावं?

खिडकीपाशी | मंगळवार ७ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१०

पत्राचा मसुदा तपासून हवा आहे. आधी माहिती देते.

फ्लॅट पुण्यात, कोथरूडला. लिव्ह अँड लायसन्स, ११ महिन्यांचा, नोंदणी झालेला. भाडं २६,०००, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. त्यापुढे दिवसाला २०० रुपये विलंब आकार, असं करारात आहे. मालकीणबाई नाशिकला राहतात. मागच्या महिन्यात त्यांनी भाड्यासाठी नवा खाते क्रमांक दिला.

शनिवारी ४ तारखेला रात्री ९:४० ला बँकेच्या अ‍ॅपवरून नव्या खात्यावर आयएमपीएसने २६,००० पाठवले. माझ्या खात्यातून रक्कम लगेच वजा झाली, पण अ‍ॅपवर 'प्रोसेसिंग'च दिसत राहिलं. रविवारी बाईंचा मेसेज आला की भाडं आलं नाही. सोमवारी बँकेत तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला. कॉल सेंटरचं म्हणणं, सात कामाचे दिवस थांबा. पैसे अजून परत आलेले नाहीत. खात्यात ९,००० उरलेत, शिवाय ४०,००० ची एक एफडी आहे.

लिहिलेला मसुदा असा:

"माननीय मॅडम, बँकेच्या तांत्रिक अडचणीमुळे भाडे पाठवण्यास विलंब झाला आहे, त्याबद्दल अत्यंत दिलगीर आहे. पैसे परत येताच मी त्वरित आपणास भाडे पाठवीन. सोबत स्क्रीनशॉट जोडत आहे. कृपया समजून घ्यावे."

एवढं पुरेल का?

---

टिळकरोड_७ | ८:३२

घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५. मालकाने लेखी मागणी केल्यावर ९० दिवस जाईपर्यंत थकलेल्या भाड्यासाठी घर खाली करायचा दावाच लावता येत नाही. दोन दिवसांच्या उशिरासाठी पत्रबित्र कशाला? एक व्हॉट्सअ‍ॅप टाका आणि मोकळ्या व्हा.

---

करारवाला | ८:५५

टिळकरोड, कलम बरोबर, घर चुकलं. कलम १५ भाडेकरूसाठी आहे. यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत या परवानाधारक. त्यांना ते ९० दिवसांचं कवच मिळत नाही. त्यांच्यासाठी करारातलं कलमच महत्त्वाचं. तयार नमुन्यांत बहुधा सलग दोन महिन्यांचं भाडं थकलं तर परवाना रद्द, असं असतं. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. खिडकीपाशी, करारातली तीन ठिकाणं वाचून इथे सांगा: भाड्याची तारीख, विलंब आकार आणि 'नोटीस कशी द्यावी'. तिसरं कलम कोणी वाचत नाही आणि पत्र कुठे पाठवायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

आणि पत्रात 'भाडेकरू' शब्द टाळा, असं मी सांगेन. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, पण काही मालक त्या एका शब्दाने बिथरतात. 'परवानाधारक' लिहून पत्र जड करायचीही गरज नाही. कराराचा नोंदणी क्रमांक आणि फ्लॅटचा पत्ता घाला, आपण कोण ते त्यातून कळतं.

---

पासबुक | ९:२०

मसुद्यातली मोठी चूक वेगळीच आहे. 'पैसे परत येताच पाठवीन' हे वाक्य. ही तारीख तुमच्या हातात नाही, तुमच्या बँकेच्याही हातात पूर्ण नाही. ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याला बांधून वचन दिलंत, तर १० तारखेला दुसरं माफीपत्र लिहावं लागेल आणि मग पहिल्याचीही किंमत जाईल.

नेमकं काय घडलंय ते आधी बघू, कारण पत्रातलं पहिलं वाक्य त्यावर ठरतं. आयएमपीएसमध्ये तुमच्या खात्यातून रक्कम आधी वजा होते. मग निरोप एनपीसीआय या बँकांना जोडणाऱ्या संस्थेमार्फत समोरच्या बँकेकडे जातो. ती बँक खात्यात जमा करून 'झालं' असं कळवते. हे उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार अधांतरी राहतो. अधांतरी म्हणजे फेल नव्हे. जमा झालेले असू शकतात आणि फक्त उत्तर हरवलेलं असू शकतं. जमा झालेच नसतील असंही असू शकतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बँकांचा हिशोब जुळवताना ते कळतं.

म्हणून आजच्या पत्रात 'व्यवहार फेल झाला' असं लिहू नका. 'रक्कम माझ्या खात्यातून वजा झाली, आपल्या खात्यात जमा झाल्याचं दिसत नाही' एवढंच लिहा. आज खरं तेवढंच आहे.

बाईंना एक विनंती करा. एसएमएसवर विसंबू नका, पासबुक किंवा स्टेटमेंटमध्ये ४ आणि ५ तारखेच्या नोंदी बघा. नवं खातं आहे, मोबाईल नंबर जोडलेलाच नसेल तर पैसे येऊनही कळणार नाही.

---

टिळकरोड_७ | ९:३१

मग सात कामाचे दिवस थांबायलाच हवं ना? मध्ये रविवार होता, सणासुदीच्या सुट्ट्या आहेत. तेच पत्रात लिहायचं, म्हणजे मालकीणबाईंनाही कळेल की दोष बँकेचा.

---

पासबुक | ९:५८

नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, अडकलेल्या व्यवहारांच्या मुदतींबद्दल. आयएमपीएसमध्ये पाठवणाऱ्याचे पैसे वजा झाले आणि समोर जमा करता आले नाहीत, तर ज्या बँकेत जायचे होते तिने ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामाचे नव्हे. म्हणजे शनिवारचा व्यवहार रविवार ५ तारखेला निकाली निघायला हवा होता. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागताही बँकेने द्यायची. यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याकडे पाठवलेल्या पैशांनाही हाच नियम आहे. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांची मुदत वेगळी, पाच दिवसांची, आणि बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

'सात कामाचे दिवस' हे कॉल सेंटरचं ठरलेलं उत्तर. ते पत्रात उतरवून घेतलंत की मुदत तुम्हीच वाढवून दिल्यासारखं होतं.

एनईएफटीचा हिशोब वेगळा आहे. तो पुढे लागेल, तेव्हा सांगतो.

---

न्यूजर्सीकर | १०:१२

चेक बाऊन्स झाला असेल तर आमच्याकडे बँक फी लावते आणि मालकही वेगळी फी लावतो. बँकेकडून एक पत्र आणा की चूक त्यांची होती. मागे मी तसंच केलं होतं, मालकाने फी माफ केली.

---

करारवाला | १०:१८

न्यूजर्सीकर, इथे चेक नाहीच. आपल्याकडे चेक न वटणं हे वेगळंच प्रकरण, त्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ येतं. पण बँकेकडून लेखी काहीतरी घ्या, ही सूचना बरोबर आहे. मात्र शाखेकडून पत्र मिळेपर्यंत दिवाळी येईल. तक्रारीची पोच आलेली आहे ना, ईमेलवर? तीच बँकेचा लेखी कागद.

---

वरचा_मजला | १०:४०

मी मालकाच्या बाजूने लिहितो. फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला अशा पत्रातून तीनच गोष्टी हव्या असतात. पैसे खरंच पाठवले होते का, आता कधी येणार, आणि मला काही करायचं आहे का. बाकी दिलगिरी एका ओळीत पुरे.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही, निदान माझ्याकडे तरी नाही. पैसे पाठवल्याचे खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स सर्रास मिळतात. शिवाय 'प्रोसेसिंग' लिहिलेला स्क्रीनशॉट काय सिद्ध करतो? स्टेटमेंटमधली नोंद पाठवा. तिच्यात १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो घेऊन मी माझ्या बँकेत विचारू शकतो.

---

खिडकीपाशी | ११:०५

करार बघितला. भाडं ५ तारखेपर्यंत. विलंब आकार २०० रुपये रोज. सलग दोन महिने थकल्यास रद्द. नोटीस 'करारात दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने'. दोघींचे ईमेल करारात आहेत. मालकीणबाईंबरोबर त्यांच्या बहिणीचंही नाव आहे, फ्लॅट दोघींचा आहे.

स्टेटमेंट पाठवायचं म्हणजे माझा पगार, किराणा, सगळंच त्यांना दिसेल. ते नको वाटतं.

---

पासबुक | ११:३४

पूर्ण महिन्याचं काढूच नका. नेटबँकिंगमध्ये तारखा निवडता येतात. ४ ऑक्टोबर ते ७ ऑक्टोबर घाला, चार-सहा ओळींचं पीडीएफ येईल. पगार ३० किंवा १ तारखेला झाला असेल तर तो त्यात येणारच नाही. शिल्लक दाखवणारा रकाना झाका. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाका. तुमचं नाव, बँक, तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक मात्र उघडे हवेत. एवढं दिसलं की काम झालं.

एक गोम आहे. बऱ्याच बँकांच्या पीडीएफला पासवर्ड असतो आणि तो नाव व जन्मतारखेपासून बनतो. तो बाईंना कळवू नका. फाइल उघडा, प्रिंटमध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणून जतन करा, पासवर्ड निघून जातो. मग त्यावर झाका आणि झाकलेलं पान पुन्हा एकदा प्रिंट करून पीडीएफ करा किंवा चित्र म्हणून जतन करा. नुसती काळी पट्टी वर ठेवली तर काही अ‍ॅपमध्ये ती बाजूला सरकवता येते आणि खालचं सगळं दिसतं.

७ तारखेपर्यंतचं स्टेटमेंट घेण्याला कारण आहे. ४ तारखेची वजा नोंद दिसते आणि त्यानंतर परत जमा झाल्याची नोंद नाही, हेही त्याच पानावर दिसतं. फक्त वजा ओळीचा तुकडा पाठवलात तर शंका उरते की पैसे दुसऱ्या दिवशी परत आले आणि तुम्ही ते वापरले.

---

वरचा_मजला | ११:४१

झाकलेला कागद बघितला की मला आणखी संशय येतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण शिल्लक बघायचा मालकाला हक्क नाही, हेही मान्य.

---

पासबुक | ११:४६

मग 'शिल्लक व अन्य खासगी नोंदी झाकल्या आहेत' असं पत्रात एका ओळीत लिहायचं. स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीचा संशय कमी येतो.

आता तारखेचं. खिडकीपाशी, एफडी ऑनलाइन मोडता येते का? येत असेल तर रक्कम बचत खात्यात लगेच येते. ४०,००० ची एफडी आठ महिने झालेली असेल आणि मुदतीआधी मोडण्याचा दंड एक टक्का असेल, तर नुकसान पावणेतीनशे रुपयांच्या आसपास. तुमचा विलंब आकार रोजचा २०० आहे. दीड दिवसात हिशोब फिटला. पहिले २६,००० परत आले की नवी एफडी करा. अडकलेले पैसे हा तुमचा आणि बँकेचा प्रश्न, भाडं हा तुमचा आणि बाईंचा प्रश्न. पत्रात हे दोन वेगळे ठेवा.

---

करारवाला | १२:०२

बरोबर. पण दुसऱ्यांदा पाठवताना एक धोका आहे. पहिलेही जमा झाले तर? अधांतरी व्यवहार कधीकधी चार दिवसांनी जमा होतात. मग ५२,००० गेले आणि २६,००० परत मागत बसा. त्यासाठी पत्रात एक वाक्य हवंच: पहिली रक्कम नंतर जमा झाल्यास ती नोव्हेंबरचं भाडं म्हणून धरावी. मालकाला परत पाठवायचा त्रास नाही आणि तुमचे पैसे लेखी बांधलेले राहतात.

आणि पत्र दोन्ही बहिणींच्या नावे करा. करारात दोन मालक असतील तर एकीला कळवणं म्हणजे अर्धंच कळवणं. एजंटला प्रत देऊ नका, तो करारातला पक्ष नाही.

---

कल्याण_स्लो | १२:२०

आमचे मालक दुबईला आहेत. त्यांच्या खात्यावर भाडं पाठवलं की दोन-तीन तासांत परत येतं, दोन महिने असंच चाललंय. मीही असंच पत्र लिहू का?

---

पासबुक | १२:३५

कल्याण, दरवेळी परत येत असेल तर ती ट्रान्सफरची अडचण नाही, खात्याची आहे. त्यांनी बहुतेक एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईच्या खात्याचा क्रमांक दिलाय. इथल्या भाड्याचे रुपये साधारणपणे एनआरओ, म्हणजे त्यांच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यात घेतले जातात. परतीच्या नोंदीपुढे कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमचं पत्र माफीचं नको, 'आपण दिलेल्या खात्यात रक्कम स्वीकारली जात नाही, कृपया योग्य खाते कळवावे' असं हवं. दोन्ही परतीच्या नोंदी जोडा. आणि मालक अनिवासी असतील तर भाड्यातून टीडीएस कापणं तुमच्यावर येतं. त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.

---

खिडकीपाशी | १२:५०

एफडी ऑनलाइन मोडता येते. मग आता लगेच पुन्हा आयएमपीएस करू?

---

पासबुक | १:१५

त्याच वाटेने लगेच नको. खातं नवं आहे, क्रमांकात चूक तर नाही ना हे आधी बघा. एनईएफटी काय किंवा आयएमपीएस काय, पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नाव जुळतं का ते बघून नव्हे. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला तर रक्कम त्याच्याकडे जाते. तसं झालं असेल तर हा फेल व्यवहार नाही, तुमची चूक आहे, आणि पत्र पूर्ण बदलतं. तेव्हा 'तांत्रिक अडचण' लिहिणं खोटं ठरेल. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेधारकाचं नाव बघायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना द्यायला लावली आहे, ती वापरा. बाईंचं नाव दिसलं तर क्रमांक बरोबर.

आयएफएससी कोडही बघा. ११ अक्षरं असतात, पाचवं नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ओ टाइप होतो. जुन्या पासबुकावरून उतरवलेले कोडही गंडवतात. सिंडिकेट बँक कॅनरामध्ये गेली आणि SYNB ने सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले, तरी ते अजून लोकांच्या वहीत आहेत.

मग एक रुपया पाठवा आणि बाईंना फोन करा. आला म्हणाल्या की उरलेले २५,९९९ एनईएफटीने.

आता एनईएफटी का, आणि पत्रात वेळ कोणती लिहायची, ते सांगतो. एनईएफटी दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने जातं, दिवसरात्र, रविवारीही. ज्या गठ्ठ्यात तुमचा व्यवहार गेला त्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने जमा करायचं किंवा परत पाठवायचं. उद्या सकाळी दहाला पाठवलंत तर साडेदहाचा गठ्ठा धरा. साडेबारापर्यंत एक तर जमा, नाही तर परतीच्या वाटेवर. म्हणून पत्रात 'बुधवार ८ ऑक्टोबर, दुपारी २ पर्यंत' लिहा. दीड तास हातात राहतो. समजा परत आलेच, तर तेवढ्या वेळात बाईंच्या जुन्या खात्यावर पाठवता येतात. ते अजून चालू आहे का, हे आजच विचारून ठेवा.

---

टिळकरोड_७ | १:२८

एक रुपया आधी आणि मग २५,९९९, याने एचआरएच्या पावतीत घोळ होईल.

---

करारवाला | १:४०

होत नाही. पावती २६,००० ची, आणि त्यावर पैसे प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख. ४ तारीख नको. ऑफिसला पुरावा म्हणून ४ तारखेची वजा नोंद देऊ नका, कारण ती पुढे उलटून आली तर पावती आणि बँक जुळणार नाहीत. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्याने मालकांचा पॅन लागेलच.

---

करारवाला | २:३०

सगळ्यांचं एकत्र करून मसुदा देतो. ईमेलच्या विषयात लिहा: 'ऑक्टोबर २०२५ चे भाडे, सदनिका क्र. __, रक्कम ८ ऑक्टोबर रोजी देत आहे'. विषयातच तारीख आली की निम्मा राग तिथेच उतरतो.

> दिनांक ७ ऑक्टोबर २०२५
>
> सौ. ______ व श्रीमती ______ यांस,
> सदनिका क्र. __, ______ सोसायटी, कोथरूड, पुणे
> करार नोंदणी क्र. ______
>
> स. न. वि. वि.
>
> ऑक्टोबर महिन्याचे भाडे रु. २६,००० मी शनिवार, ४ ऑक्टोबर रोजी रात्री ९:४० वाजता आयएमपीएसने आपल्या नव्या खात्यावर (शेवटचे आकडे ____) पाठवले. ही रक्कम त्याच वेळी माझ्या खात्यातून वजा झाली. संदर्भ क्रमांक ____________ आहे. ती आपल्या खात्यात जमा झालेली नाही असे आपण ५ तारखेला कळवलेत. माझ्या खात्यातही ती आजपर्यंत परत आलेली नाही. याबाबत मी ६ ऑक्टोबरला माझ्या बँकेकडे तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक ______ आहे.
>
> बँकेच्या निर्णयासाठी आपल्याला थांबावे लागू नये म्हणून मी भाड्याची रक्कम वेगळी उभी केली आहे. ती बुधवार, ८ ऑक्टोबर रोजी दुपारी २ पर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. त्याआधी खाते पडताळण्यासाठी एक रुपया पाठवेन, तो मिळाल्याचे कृपया फोनवर सांगावे.
>
> ४ तारखेची मूळ रक्कम यानंतर आपल्या खात्यात जमा झाल्यास ती नोव्हेंबर २०२५ चे भाडे म्हणून धरावी. ती माझ्याकडे परत आल्यास तसे कळवेन.
>
> आपल्या खात्याच्या ४ व ५ ऑक्टोबरच्या नोंदी एकदा पाहाव्यात आणि शक्य असल्यास वरील संदर्भ क्रमांक आपल्या बँकेत दाखवावा, ही विनंती. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.
>
> सोबत: १. माझ्या खात्याचा ४ ते ७ ऑक्टोबरचा उतारा (शिल्लक व अन्य खासगी नोंदी झाकल्या आहेत). २. तक्रारीची पोच, ६ ऑक्टोबर.
>
> आपली,
> ______

ईमेल दोघींना, आणि तेच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर. पोस्टाने पाठवायची गरज नाही, करारात ईमेल चालतो असं आहे. एरवी रजिस्टर्ड पोस्टही आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे जुन्या करारातल्या 'आर.पी.ए.डी.' शब्दावर अडून बसू नका.

---

वरचा_मजला | २:५२

पत्र चांगलं आहे, पण विलंब आकाराचा उल्लेखच नाही. तीन दिवसांचे ६०० रुपये होतात. मालकाला वाटेल की मुद्दाम वगळलं. 'नियमाप्रमाणे आकार देण्यास तयार आहे' असं लिहिलं तर विश्वास वाढतो आणि बऱ्याचदा मालकच म्हणतो, राहू द्या.

---

करारवाला | ३:०५

मी मुद्दामच वगळलं. ४ तारखेला पैसे निघाले होते. उशीर 'पाठवायला' झाला की 'पोचायला', हे करारातल्या शब्दावर अवलंबून आहे. 'भाडे अदा करील' असं आहे की 'मालकास प्राप्त होईल' असं? तयार आहे म्हणून लिहून दिलंत की तो मुद्दा सोडल्यासारखा होतो. मागितले तर बोलता येतं.

---

वरचा_मजला | ३:११

कायद्याने असेलही. पण अजून अनेक महिने त्यांच्याच घरात राहायचंय.

---

पासबुक | ३:२०

तुमचं दोघांचं जमणार नाही. खिडकीपाशी, बाई कशा आहेत ते तुम्हालाच माहीत. मी एवढंच म्हणेन की 'बँक भरपाई देईल त्यातून देईन' असं मात्र लिहू नका. रोजचे १०० आणि रोजचे २०० यांचा एकमेकांशी संबंध नाही.

---

खिडकीपाशी | बुधवार ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

काल दुपारी चारला पत्र गेलं, दोघींना. करारात शब्द 'अदा करील' असा आहे, त्यामुळे विलंब आकाराचं काही लिहिलं नाही. क्रमांक आणि नाव दोन्ही बरोबर निघालं. सकाळी एक रुपया पोचला, दहाला एनईएफटी केलं, ११:१० ला बाईंचा फोन आला की मिळाले. ४ तारखेचे २६,००० आज दुपारी साडेतीनला माझ्या खात्यात परत आले. पुढे 'रिव्हर्सल' आणि तोच १२ आकडी क्रमांक आहे. बाईंना लगेच कळवलं, म्हणजे नोव्हेंबरचं भाडं वेगळं द्यायचं हे स्पष्ट झालं.

६०० बद्दल बाई म्हणाल्या, बहिणीशी बोलून सांगते. भरपाईची रक्कम मात्र आलेली नाही.

---

पासबुक | ७:२०

मुदत ५ तारखेची होती, पैसे ८ ला आले. म्हणजे ६, ७ आणि ८, तीन दिवसांचे ३०० रुपये. त्याच तक्रार क्रमांकावर लेखी मागा आणि परिपत्रकाची तारीख लिहा. तक्रारीपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. उलटून आल्याची नोंद असलेलं स्टेटमेंट आजच उतरवून ठेवा, त्यावर दोन्ही तारखा एकत्र दिसतात.

---

टिळकरोड_७ | ७:३४

३०० रुपयांसाठी लोकपाल?

---

पासबुक | ७:४०

बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. परिपत्रकाची तारीख लिहिलेला ईमेल पुरतो.

---

कल्याण_स्लो | ९:०२

परतीच्या नोंदीपुढचं कारण वाचलं. खातं एनआरईच आहे. टीडीएसचा धागा काढतोय.